जागेची माहिती खासगीत नको, ग्रुपमध्येच द्या

"आमच्या कंपनीत अकाउंट्समध्ये जागा आहे. अनुभवी उमेदवार हवा. इच्छुकांनी मला वैयक्तिक मेसेज करावा." माजी विद्यार्थ्यांचा असो, समाजाचा असो की व्यवसायबंधूंचा, कुठल्याही ग्रुपमध्ये या धर्तीचा मेसेज अधूनमधून येतोच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही माझे स्पष्ट म्हणणे आहे की यातले शेवटचे वाक्य काढून टाकले पाहिजे. आपल्या कंपनीतली जागा ग्रुपला कळवायची असेल तर पात्रता काय आणि अर्ज कसा करायचा हे दोन्ही त्याच मेसेजमध्ये पूर्ण लिहावे. इतके पूर्ण, की वाचणाऱ्याला कळवणाऱ्याशी एक शब्दही न बोलता अर्ज करता यावा. तेवढी माहिती हाताशी नसेल तर एक दिवस थांबावे, ती काढावी आणि मग कळवावे.

हा आग्रह धरण्याचे पहिले कारण म्हणजे अशा मेसेजचा उपयोग नेमका कोणाला होतो हे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली ओळखीतून मिळणाऱ्या नोकऱ्यांबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले होते, की ज्या ओळखीच्या माणसाकडून ही जागा कळली त्याला तुम्ही कितीदा भेटत होतात? नेहमी भेटत होतो, असे सांगणारे 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के आणि क्वचितच भेटणारे 27.8 टक्के. पाहणी लहान होती, पण तिच्यातली गोष्ट पुढे अनेकांनी तपासली. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर झालेल्या प्रयोगांतही नोकरी बदलायला घट्ट नात्यांपेक्षा सैल ओळखी अधिक उपयोगी पडतात असे दिसले. त्यातही अगदीच नावापुरती ओळख फारशी कामाची नाही, मध्यम सैल ओळख सर्वात कामाची. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी येते ती दूरच्या माणसाकडून.

कम्युनिटी ग्रुप म्हणजे अशा दूरच्या ओळखींचा मोठा साठा. आता त्या "वैयक्तिक मेसेज करावा"कडे पुन्हा पाहा. हे वाक्य वाचून लगेच मेसेज कोण करतो? ज्याची आधीच ओळख आहे तो, बोलायला धीट आहे तो, ज्याला नाही म्हटलेले फारसे लागत नाही तो. तीन वर्षे घरी राहून पुन्हा काम शोधणारी बाई, नुकतीच नोकरी गेलेला आणि ते कोणाला सांगायची लाज वाटणारा माणूस, ग्रुपमध्ये कधीच न बोललेला मुलगा, हे सगळे मेसेज वाचतात आणि तिथेच थांबतात. ज्यांच्यासाठी ग्रुपमध्ये कळवायचे त्यांनाच त्या एका वाक्याने आपण दाराबाहेर ठेवतो. जे मेसेज करतात त्यांना तर आपण फोनवरही सांगितले असते.

दुसरे कारण कळवणाऱ्याच्या स्वतःच्या भूमिकेचे आहे. खासगी मेसेज येऊ लागले की प्रत्येक जण तेच विचारतो: अनुभव किती लागेल, फ्रेशर चालेल का, घरून काम आहे का, पगार किती. पहिल्या चौघांना सविस्तर उत्तर मिळते, दहाव्याला दोन शब्दांत, आणि विसाव्याचा मेसेज वाचायचाच राहून जातो. त्याहून वाईट म्हणजे, "तुमचा अनुभव थोडा कमी आहे, बघा," असे आपण सहज लिहून जातो आणि समोरचा माणूस अर्जच करत नाही. उमेदवार गाळण्याचे काम कंपनीने ज्यांना दिले आहे ते वेगळेच असतात. आपण ते काम अंगावर घेतो, तेही निकष नीट माहीत नसताना.

निकष नीट माहीत नसतात, हा या सगळ्यातला सर्वात मोठा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वर दिलेलीच जागा घेऊ. समजा कंपनीच्या जाहिरातीत असे लिहिले आहे: वाणिज्य शाखेची पदवी, 3 ते 5 वर्षांचा अनुभव, ईआरपी सॉफ्टवेअरचे ज्ञान, उत्तम संवादकौशल्य, दबावाखाली काम करण्याची तयारी. बहुतेक जण हे असेच्या असे उचलून ग्रुपमध्ये टाकतील, आणि वाचणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच कळणार नाही. अडीच वर्षे अनुभव असलेल्याने अर्ज करावा का? ईआरपी म्हणजे कोणतेही चालेल की ठरावीकच? संवादकौशल्य आपले उत्तम आहे की नाही, हे कोणी कसे ठरवायचे?

इथे कंपनीत आत असणाऱ्या माणसाच्या हातात दोन गोष्टी असतात, ज्या बाहेरच्याला सहसा मिळत नाहीत. पहिली, तो स्वतः अर्जाचा ऑनलाइन फॉर्म उघडून सबमिटच्या आधीपर्यंत जाऊ शकतो. बाहेरचाही जाऊ शकतो, पण बरेच लोक तिथवर पोहोचण्याआधीच परत फिरलेले असतात. भरतीच्या बऱ्याच प्रणालींत काही हो-नाही प्रश्न असे असतात की चुकीचे उत्तर आले की अर्ज आपोआप बाजूला पडतो. पदवी आहे का, या देशात काम करायची कायदेशीर परवानगी आहे का, कार्यालयात येऊन काम करायची तयारी आहे का, असे ते प्रश्न. बायोडेटात अमुक शब्द नसला की यंत्र तो फेकून देते, अशी भीती लोकांच्या मनात फार बसली आहे. आपोआप नकार येतो तो बहुतेक वेळा या हो-नाही प्रश्नांमुळे. म्हणून फॉर्ममध्ये सक्तीने विचारलेली अट ही खरी अट, असे धरून चालावे. जाहिरातीतल्या बाकीच्या ओळी बऱ्याचदा इच्छा असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्या विभागात जागा आहे त्या विभागाच्या प्रमुखाशी पाच मिनिटे बोलणे. तिथे "पात्रता काय?" असे विचारू नये, कारण उत्तर म्हणून जाहिरातच ऐकायला मिळेल. विचारावे ते असे: "पहिल्या महिन्यात या माणसाच्या टेबलावर काय येणार?" आणि "काय नसेल तर तुम्ही मुलाखतीलाही बोलावणार नाही?" आपल्या उदाहरणात प्रमुख म्हणतो, मला पुरवठादारांची बिले तपासणारा माणूस हवा आहे. खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल, ही तिन्ही एकमेकांशी जुळवता आली पाहिजेत. ऑर्डर शंभर नगांची, पावती नव्वदची आणि बिल शंभरचे असेल तर ते अडवून कोणाला विचारायचे हे समजले पाहिजे. सॉफ्टवेअर आम्ही दोन-तीन आठवड्यांत शिकवतो. वर्षे तीन हवीत असे लिहिले आहे, पण हे काम ज्याने दोन वर्षे रोज केले आहे त्याला मी नक्की बोलावीन. आणि हो, महिनाअखेरीस तीन दिवस उशिरापर्यंत थांबावे लागते.

पाच मिनिटांत पात्रतेचे चित्र पालटले. तीन वर्षांची अट सैल निघाली, ईआरपीची अट निघून गेली, आणि जाहिरातीत कुठेच नसलेली एक खरी अट, महिनाअखेरीस थांबण्याची, पुढे आली. ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा जो संध्याकाळी शिकायला जातो, त्याच्यासाठी ती पदवीइतकीच महत्त्वाची आहे. हे सगळे ग्रुपमध्ये लिहिण्याआधी प्रमुखाला किंवा एचआरला एकदा दाखवून घ्यावे, म्हणजे आपण दिलेली सूट नंतर कोणी नाकारणार नाही. त्याच वेळी आणखी एक विचारून घ्यावे, की ही जागा बाहेर कळवायला मोकळी आहे ना. काही जागा आधी फक्त आतल्या कर्मचाऱ्यांसाठी खुल्या असतात, काहींची मंजुरी अजून व्हायची असते, आणि काहींच्या अखेरच्या मुलाखतीही होऊन गेलेल्या असतात.

अट कामाशी जोडलेली असावी, ही माझी आवडनिवड नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1971 मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी हा खटला आला. कंपनीने चांगल्या विभागांतल्या जागांसाठी हायस्कूल पूर्ण केल्याची अट ठेवली होती, शिवाय लेखी चाचण्याही. ती अट कृष्णवर्णीय कामगारांना मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवत होती, आणि हायस्कूल न झालेले जुने गोरे कर्मचारी तीच कामे व्यवस्थित करत होते. जी अट ठरावीक लोकांना असे वगळते आणि जिचा कामाशी संबंध दाखवता येत नाही ती चालणार नाही, हेतू कितीही स्वच्छ असला तरी, असा निकाल न्यायालयाने एकमताने दिला. ग्रुपमधल्या मेसेजला हा निकाल कोणी लावणार नाही. पण "तरुण उमेदवार हवा", "मुलींना प्राधान्य", "लग्न झालेले नको" असल्या ओळी कंपनीच्या जाहिरातीत नसताना लोक आपल्या मनाने घालतात, तेव्हा तेच घडते. अनेक देशांत अशी ओळ बेकायदाही ठरते, आणि ती कंपनीच्या नावाने फिरत राहते.

पगाराबद्दल माझे मत असे की कंपनीने पगाराचा पट्टा, म्हणजे किमान ते कमाल रक्कम, जाहीर केला असेल तर तो लिहावाच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून जाहिरातीत पगाराचा पट्टा देणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार सुरुवातीचा पगार किंवा पट्टा उमेदवाराला, जाहिरातीतून, मुलाखतीआधी किंवा अन्य रीतीने, पगाराची बोलणी माहितीच्या आधारे करता येतील असा कळला पाहिजे. कंपनी सांगत नसेल तर "पट्टा जाहीर केलेला नाही" असे सरळ लिहावे. "पॅकेज चांगले आहे" हे लिहू नये, त्यात माहिती काहीच नाही.

आता अर्जाची रीत. इथे सगळा गुंता रेफरलचा, म्हणजे कर्मचाऱ्याने उमेदवाराचे नाव कंपनीला सुचवण्याचा आहे, आणि तो उघड करून मांडायला लोक का कचरतात हे मला समजते. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला माणूस निवडला गेला तर त्या कर्मचाऱ्याला बक्षीस मिळते, आणि ते साधारणपणे नवा माणूस काही महिने टिकल्यावर हातात पडते. यात गैर काही नाही. पण म्हणूनच "लिंकवरून अर्ज करू नका, आधी मला सीव्ही पाठवा" असा मेसेज येतो, आणि खरे कारण त्यात लिहिलेले नसते. उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर यात एक खरी अडचण आहे. भरतीची प्रणाली एकाच माणसाचा अर्ज दोनदा आला तर बहुधा आधीचीच नोंद धरते. आधी थेट अर्ज केला आणि मग रेफरल मागितला, तर अनेक कंपन्यांत तो लागू होत नाही. एका कर्मचाऱ्याने नाव घातल्यावर दुसऱ्याला तेच नाव सहसा घालता येत नाही. म्हणजे कोणत्या वाटेने जायचे हे उमेदवाराने अर्जाआधी ठरवायचे असते, आणि ते ठरवायला लागणारी माहिती फक्त आपल्याकडे असते. ती झाकून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

रेफरल म्हणजे शिफारस नव्हे, हेही ग्रुपमध्ये सांगून टाकावे. नाव घालताना बऱ्याच ठिकाणी विचारतात, की तुम्ही या व्यक्तीला किती काळापासून ओळखता, यांचे काम पाहिले आहे का. ग्रुपमधून आलेल्या अनोळखी माणसासाठी तिथे खरे उत्तर एकच आहे: "समाजगटातून संपर्क झाला, काम प्रत्यक्ष पाहिलेले नाही." असे लिहूनही अर्ज पुढे जातो. खोटी ओळख दाखवली तर पुढच्या वेळी आपण खरोखर ओळखत असलेल्या चांगल्या माणसाच्या नावालाही वजन राहत नाही.

हे सगळे धरून आपल्या उदाहरणातला मेसेज असा होईल:

"आमच्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची एक जागा आहे (जाहिरात क्रमांक 4172, कायमस्वरूपी, पाचही दिवस कार्यालयात). काम: पुरवठादारांची बिले खरेदी ऑर्डर आणि माल-पावतीशी जुळवून पैसे देण्यासाठी पुढे पाठवणे. सक्तीचे: वाणिज्य पदवी, आणि हेच काम साधारण दोन वर्षे केलेले असणे. जाहिरातीत तीन वर्षे लिहिले आहे, पण दोन वर्षे हेच काम केलेल्यांनीही अर्ज करावा असे विभागाने सांगितले आहे. ईआरपी येत असेल तर उत्तम, नसेल तर शिकवतात. महिनाअखेरीस तीन दिवस उशिरापर्यंत थांबावे लागते. पगाराचा पट्टा जाहीर केलेला नाही. अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर करिअर्समध्ये, वरच्या क्रमांकाने, 18 सप्टेंबरपर्यंत. थेट अर्ज करू शकता, मला विचारायची गरज नाही. रेफरल हवा असेल तर अर्ज करण्याआधी 14 तारखेपर्यंत कळवा. निवड झाल्यास मला कंपनीकडून बक्षीस मिळते, आणि मी तुमचे काम पाहिलेले नाही हे मी तिथे नमूद करीन. निवडीत माझा सहभाग नाही. प्रश्न इथेच विचारा, म्हणजे उत्तर सगळ्यांना कळेल. सीव्ही ग्रुपमध्ये टाकू नका. अर्जासाठी कंपनी कोणतेही पैसे घेत नाही."

मेसेज लांब आहे, हे मान्य. पण तो एकदाच लिहायचा आहे, आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणाचा तरी एक प्रश्न वाचवते. सीव्हीबद्दलची ओळ मुद्दाम आहे. शेकडो अनोळखी लोकांसमोर आपला पत्ता, जन्मतारीख आणि फोन टाकून माणसे मोकळी होतात, आणि त्या ग्रुपमध्ये कधी कधी त्यांचा सध्याचा साहेबही असतो. जाहिरात क्रमांक, तारीख आणि पैशांची ओळ फॉरवर्डसाठी आहे. मेसेज आपल्या ग्रुपमधून निघून आणखी दहा ग्रुपांत जातो, महिन्यांनीही फिरत राहतो. खऱ्या जागेचा मजकूर उचलून त्यात आपला नंबर घालणारे आणि "प्रक्रिया शुल्क" मागणारे भामटे अशा फॉरवर्डवरच जगतात. क्रमांक असला की कोणालाही कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन ताडून पाहता येते. खासगी नंबर हीच अर्जाची वाट असेल, तर खरा मेसेज आणि खोटा मेसेज दिसायला सारखेच.

याविरुद्ध दोन आक्षेप मी वारंवार ऐकतो. पहिला, थेट लिंक दिली तर अर्जांचा पूर येईल आणि एचआर वैतागेल. माझा अनुभव उलट आहे. पूर येतो तो "अनुभवी हवा" अशा मोघम मजकुराने, कारण त्यात प्रत्येकाला स्वतःसाठी जागा दिसते. बिले जुळवण्याचे काम आणि महिनाअखेरीचे तीन दिवस लिहिले की ज्यांना ते जमणार नाही ते आपणच बाजूला होतात.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: ग्रुप आपल्या माणसांचा आहे, मग आपल्यांना थोडे झुकते माप दिले तर बिघडले कुठे? आपल्या माणसांना वेळेवर कळावे, नीट समजावे, अर्ज भरताना आधार मिळावा, या सगळ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण जागा आपल्या मालकीची नाही. जी माणसे आज आत आहेत तीच आपापल्या ग्रुपांतून माणसे आणत राहिली, तर ज्यांचा आत कोणीच नाही त्यांचा नंबर कधीच लागत नाही. म्हणून माझी एक साधी कसोटी आहे. तोच मजकूर, एक शब्द न बदलता, दुसऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये टाकता आला पाहिजे. आणि तो तिथे टाकावाही.

एक काम उरते, जे बहुतेक जण करत नाहीत. 18 तारीख उलटली की मूळ मेसेजखाली "मुदत संपली" असे लिहावे, आणि जागा भरल्यावर "जागा भरली". मध्येच भरती थांबली तर तेही. अर्ज करून उत्तराची वाट पाहणाऱ्याला कंपनी बरेचदा काही कळवत नाही, आणि त्याच एका आशेवर तो दुसऱ्या जागा सोडून देतो. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने ठरवले तर हे जमण्यासारखे आहे: जाहिरात क्रमांक, सक्तीच्या अटी, थेट अर्जाची वाट आणि शेवटची तारीख नसलेला नोकरीचा मेसेज काढायचा, आणि मुदत उलटून आठवडा झाला की पाठवणाऱ्याला विचारायचे, त्या जागेचे काय झाले.